फोटोतले प्रश्न, फक्त अक्षरांत उत्तरं, आणि डाउट असलेले वेगळे कसे दाखवायचे

अभ्यासाच्या ग्रुपवर कुणीतरी सराव पेपरचे आठ-दहा फोटो टाकतं आणि खाली एक ओळ लिहितं, "सगळ्यांची उत्तरं दे ना, फक्त अ ब क ड पुरे." समजावून सांगायला वेळ नसतो, वाचणाऱ्यालाही नको असतं, त्याला आपली उत्तरं ताडून बघायची असतात एवढंच. तुम्ही साठ अक्षरं लिहून पाठवता. पण त्या साठात पन्नास तुम्हाला पक्की माहीत असतात, पाच-सहा दोनांत अडकलेली असतात, एक-दोन फोटोत नीट दिसलेलीच नसतात, आणि वाचणाऱ्याला मात्र साठच्या साठ सारखीच पक्की दिसतात. मग तो स्वतःचं बरोबर उत्तर खोडून तुमचं चुकीचं लिहितो. हे टाळायला लांबलचक स्पष्टीकरण लागत नाही, अक्षराशेजारी एखादी खूण पुरते, फक्त ती कधी आणि कोणती द्यायची हे आधी ठरलेलं पाहिजे.

हे सगळं सराव पेपर, जुने पेपर, पुस्तकातले स्वाध्याय यांच्यासाठी आहे. चालू परीक्षेतून कुणी फोटो पाठवत असेल तर त्याला हातच लावायचा नाही.

आधी फोटो मोजा, प्रश्न नंतर

नवीन माणूस पहिला फोटो उघडतो आणि लगेच प्रश्न १ सोडवायला बसतो. तसं करू नका. आधी सगळे फोटो एकदा नुसते चाळा आणि प्रत्येक फोटोत कुठून कुठपर्यंत प्रश्न आहेत ते कागदावर लिहून काढा. चॅटवर फोटो काढले त्या क्रमानेच येतात असं नाही, शिवाय एकच पान दोनदा काढलेलं असतं, एखादं पान राहिलेलं असतं. साठ प्रश्नांच्या, नऊ फोटोंच्या एका पेपरची यादी अशी दिसेल:

```
फोटो १   प्र. १–७
फोटो २   प्र. ८–१४
फोटो ३   प्र. १४–२०   (१४ दुसऱ्यांदा)
फोटो ४   प्र. २२–२८   (२१ कुठेच नाही)
फोटो ५   प्र. २९–३५
फोटो ६   प्र. ३६–४२
फोटो ७   प्र. ४३–४९
फोटो ८   प्र. ५०–५५
फोटो ९   प्र. ५६–६०
```

नियम साधा आहे, एका फोटोतला शेवटचा नंबर आणि पुढच्या फोटोतला पहिला नंबर लागून आले पाहिजेत. इथे २० नंतर एकदम २२ आलाय, म्हणजे २१ फोटोच्या कडेला कापला गेलाय. हे आत्ता कळलं तर एका मेसेजचं काम आहे. नाही कळलं आणि तुम्ही नंबर न लिहिता नुसती अक्षरं ओळीने लिहीत गेलात तर २२ चं उत्तर २१ समोर जाऊन बसतं आणि तिथून साठपर्यंत सगळं एक घर सरकतं, एकही उत्तर चुकीचं न काढता चाळीस उत्तरं चुकीची. म्हणून अक्षराआधी नंबर लिहायचाच, कितीही कंटाळा आला तरी. पेपरमध्ये विभाग असतील आणि प्रत्येक विभागात नंबर परत १ पासून सुरू होत असतील तर विभागाचं नावही लिहा.

याच वेळी अजून एक बघून घ्या, पर्यायांना नाव काय दिलंय. काही पेपरवर अ ब क ड असतं, काहींवर १ २ ३ ४, आणि हिंदी पेपर असेल तर क ख ग घ. यातला 'क' फार फसवा आहे, मराठी पेपरवर तो तिसरा पर्याय आणि हिंदी पेपरवर पहिला. आणि विधानांचे प्रश्न असतात ना, त्यात विधानांनाच अ ब क ड नाव असतं आणि पर्याय असतात १ २ ३ ४, "फक्त अ आणि क बरोबर" हा पर्याय ३ असू शकतो. तिथे तुम्ही "अ, क" लिहून पाठवलंत तर समोरचा गोंधळणारच, तिथे ३ लिहायचं. पेपरवर पर्यायाला जे नाव छापलंय तेच उत्तरात गेलं पाहिजे, स्वतःच्या सवयीचं नाही.

कच्च्या कागदावर अक्षर नको, शब्द लिहा

सोडवताना थेट अक्षर लिहू नका. कच्च्या कागदावर उत्तराचा पहिला शब्द लिहा, 'लाकूड', 'शनि', 'ऑक्सिजन', असं. अक्षरं सगळी झाल्यावर, फोटो परत उघडून, एका फेरीत टाका. कारण असं की पर्याय दोन-दोनच्या जोडीत छापलेले असतात आणि काही पेपरवर अ च्या शेजारी ब येतो, काहींवर अ च्या खाली ब येतो. डोकं उत्तर बरोबर काढतं आणि हात जागेवरून अंदाजाने अक्षर लिहितो. शब्द लिहिलेला असेल तर त्या फेरीत प्रश्नही परत एकदा डोळ्यांखालून जातो आणि तपासणी आपोआप होते.

डाउट एकाच प्रकारचा नसतो

सगळ्या शंकांना एकच प्रश्नचिन्ह दिलं तर वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. खरं तर तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, फोटोत दिसत नाहीये, यावर उपाय नवीन फोटो. दोन, प्रश्नच गडबड आहे, म्हणजे दोन पर्याय बरोबर आहेत किंवा एकही नाही, इथे नवीन फोटोने काही होणार नाही, उत्तरसूची किंवा शिक्षकांना विचारायला पाहिजे. तीन, प्रश्न स्वच्छ आहे पण मला खात्री नाही, इथे पुस्तक उघडायचं. उपाय वेगळे म्हणून खुणाही वेगळ्या. मी या चार वापरते:

```
?    दोनांत अडकलंय, त्यातला जास्त पटणारा दिलाय
??   निव्वळ अंदाज
!    प्रश्नात किंवा छपाईत गडबड
–    वाचताच येत नाही, उत्तर दिलेलं नाही
```

तारा (म्हणजे कीबोर्डवरचं * हे चिन्ह) खूण म्हणून वापरू नका, बऱ्याच चॅट ॲपमध्ये ताऱ्यांमधली अक्षरं जाड होतात आणि तारे गायब होतात, आणि नेमकी तुमची खूणच उडून जाते.

? आणि ?? वेगळे ठेवायला कारण आहे. निगेटिव्ह मार्किंग असलेल्या पेपरची तयारी चालू असेल तर हा फरक थेट गुणांवर येतो. समजा बरोबरला १ गुण आणि चुकीला १/३ वजा. चारही पर्यायांत निव्वळ अंदाज केला तर चारातून एकदा १ मिळतो आणि तीनदा १/३ जातो, हिशोब शून्य, म्हणजे लिहून फायदा नाही तोटा नाही. पण दोन पर्याय नक्की बाद केलेत आणि उरलेल्या दोनात अंदाज आहे, तर दोनातून एकदा १ मिळतो आणि एकदा १/३ जातो, सरासरी प्रत्येक प्रश्नाला १/३ गुण हातात. वाचणारा तुमच्या खुणेवरूनच ठरवतो की असा प्रश्न आपण परीक्षेत सोडला असता की घेतला असता. दोन्हीला एकच खूण दिलीत तर तो हे ठरवूच शकत नाही.

खूण कधी द्यायची? माझी कसोटी अशी, हे उत्तर का हे एका वाक्यात मनात म्हणता आलं आणि बाकीचे का नाहीत हेही सांगता आलं तर खूण नाही. उत्तर 'ओळखीचं वाटतंय' पण कारण सांगता येत नाही, तर ?. कारणही नाही आणि एकही पर्याय बाद करता येत नाही, तर ??. या बाबतीत लाज वाटू देऊ नका पण उगाच सगळ्यांवर ? पण मारत सुटू नका, साठातल्या तीसवर प्रश्नचिन्ह असेल तर वाचणारा खुणा बघायचंच सोडतो. तेवढे डाउट खरोखर असतील तर तो भाग तुमचा नाहीये, तेवढे प्रश्न दुसऱ्या कुणाकडे द्या.

एक तुकडा जवळून: प्रश्न १५ ते १८

वरच्याच पेपरमधले चार प्रश्न घेऊ, फोटो ३ मधले. हा फोटो तिरका आलाय, उजवी कड थोडी कापली गेलीय आणि पुस्तकाच्या घडीजवळ अक्षरं वाकलीत.

प्रश्न १५, "खालीलपैकी मूळ संख्या कोणती?" पर्याय अ २१, ब २३, क २७, ड २९. २१ ला ३ ने भाग जातो, २७ लाही जातो, म्हणजे ते बाद. पण २३ पण मूळ आणि २९ पण मूळ. इथे लगेच 'पेपर चुकलाय' असं म्हणायचं नाही, आधी झूम करून बघायचं. छापलेल्या २ आणि ३ मध्ये फरक खालच्या बाजूला थोडासाच असतो आणि धूसर फोटोत तो पहिला जातो. तो २९ नसून ३९ असेल तर प्रश्न एकदम सरळ होतो, कारण ३९ म्हणजे १३ गुणिले ३. झूम करून ३ स्पष्ट दिसला तर खूण न देता ब. २ स्पष्ट दिसला तर `ब!` आणि खाली एक ओळ. काहीच ठरत नसेल तरी `ब!` च द्यायचं, कारण ब दोन्ही बाबतीत बरोबरच राहतो, शंका फक्त ड बद्दल आहे. दोन पर्याय बरोबर दिसले की पहिला संशय फोटोवर घ्यायचा, दुसरा पेपरवर, हा क्रम पाळा.

प्रश्न १६, "खालीलपैकी कोणता पदार्थ उष्णतेचा सुवाहक" आणि पुढे कड कापलीय. पर्याय तांबं, ॲल्युमिनियम, लाकूड, लोखंड. मराठी प्रश्नांच्या फोटोत सगळ्यात जास्त जपायची जागा हीच आहे, आपलं 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, आणि फोटोत पहिलं काय कापलं जातं तर ओळीचा शेवट. एक शब्द गेला की उत्तर उलटं. पण पर्यायांकडे बघून ते परत मिळवता येतं. 'सुवाहक आहे' असं असतं तर तीन उत्तरं बरोबर आली असती. 'सर्वात चांगला' असं काही असतं तर ते 'सुवाहक' च्या आधी आलं असतं आणि तो भाग फोटोत स्वच्छ दिसतोय, तिथे तसं काही नाही. म्हणजे शेवटी 'नाही' च आहे आणि उत्तर क, लाकूड. इथे खूण द्यायची गरज नाही कारण कारण सांगता येतंय. पण असं चारपैकी तीन विरुद्ध एक स्वच्छ दिसत नसेल आणि शेवट कापलेला असेल, तर मात्र `–` आणि नवीन फोटो. अंदाजाने 'आहे' धरून पुढे जाऊ नका.

प्रश्न १७, "१ मिलीमीटर म्हणजे किती मीटर?" आणि पर्याय दिसतायत असे: अ मध्ये १० चा घात ३, ब मध्ये १० चा घात २, क मध्ये परत १० चा घात ३, ड मध्ये परत घात २. उत्तर तुम्हाला पाठ आहे, १० चा घात उणे ३. पण अ आणि क एकसारखे दिसतायत, आणि पेपर काढणारा एकच पर्याय दोनदा छापत नाही, म्हणजे कुठेतरी उणेची बारीक रेघ फोटोत हरवलीय. घातातली उणेची खूण, दशांश चिन्ह, अनुस्वार, अंशाचं गोल चिन्ह, ही चार फोटो लहान झाला की आधी जातात. इथे उत्तर माहीत असून अक्षर माहीत नाही. मग अक्षर द्यायचंच नाही. `१७ –` आणि खाली "अ किंवा क, ज्यात घाताला उणे आहे तो". वाचणाऱ्याकडे पेपर समोर आहे, तो दोन सेकंदात बघेल. बऱ्याचदा नवीन फोटोचीही गरज पडत नाही.

प्रश्न १८, "सर्वाधिक ज्ञात उपग्रह असलेला ग्रह कोणता?" पर्याय पृथ्वी, मंगळ, गुरू, शनि. फोटो स्वच्छ, प्रश्न स्वच्छ, पृथ्वी आणि मंगळ तर लगेच बाद. पण गुरू की शनि हे प्रश्न कधी काढलाय त्यावर आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये शनीचे नवे उपग्रह जाहीर झाले आणि तो ८२ वर जाऊन गुरूच्या पुढे गेला, २०२३ च्या सुरुवातीला गुरू थोडे दिवस पुढे आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात शनि परत पुढे गेला, आज शनीच पुढे आहे. म्हणजे आजचं उत्तर ड, पण जुन्या पुस्तकातून उचललेल्या प्रश्नाच्या उत्तरसूचीत क असू शकतं. `ड?` आणि खाली "जुनं पुस्तक असेल तर सूचीत क असेल". जगाची माहिती बदलत राहते असे प्रश्न, कोण पदावर आहे, सर्वात उंच काय, सर्वात मोठं काय, हे कितीही पाठ असले तरी पेपर किती सालचा ते बघितल्याशिवाय बिनखुणेचे सोडू नका.

पाठवताना

पाच-पाचच्या ओळी करा, म्हणजे शोधायला सोपं जातं आणि एखादा नंबर राहिला तर ओळच लहान दिसते. शंकेचं कारण अक्षरांमध्ये कोंबू नका, ते सगळं खाली. मधेच "ब किंवा ड" असं लिहिलंत तर वाचणाऱ्याची लय तुटते आणि त्याने फक्त अक्षरं मागितली होती हेही मोडतं. वर एकच अक्षर, दुसरी शक्यता खाली.

```
११ ब    १२ अ    १३ ड    १४ क    १५ ब!
१६ क    १७ –    १८ ड?   १९ अ    २० ब
२१ –    २२ क    २३ अ    २४ ड??  २५ ब

१५  ब आणि ड दोन्ही मूळ संख्या दिसतायत, ड ३९ आहे का बघ
१७  अ किंवा क, ज्यात घाताला उणे आहे तो
१८  जुनं पुस्तक असेल तर सूचीत क असेल
२१  फोटोत आलाच नाही
२४  अंदाज, धरू नकोस
```

खुणांचा अर्थ पहिल्या वेळी एकदा वर लिहून टाका, रोजचाच ग्रुप असेल तर परत परत नको. खालच्या ओळी शक्यतो एका ओळीच्याच ठेवा, समोरच्याने काय करायचं एवढंच त्यात यावं. २४ ला अक्षर दिलंय पण 'धरू नकोस' म्हटलंय, हे विचित्र वाटेल, पण काही जणांना रिकामी जागा नको असते, त्यांना सगळे रकाने भरायचे असतात, आणि ज्यांना नको ते सोडून देतात.

पाठवण्याआधी दोनच गोष्टी तपासा. शेवटचा नंबर पेपरच्या शेवटच्या नंबराशी जुळतोय का, आणि वरच्या प्रत्येक खुणेला खाली ओळ आहे का. वर पाच खुणा, खाली चार ओळी, असं झालं तर एक शंका मधेच हरवलीय.

नवीन फोटो मागताना

"फोटो नीट नाहीत, परत पाठव" असं म्हटलं की लोक परत नऊ फोटो तसेच काढून टाकतात. नेमकं सांगा, "फक्त प्रश्न २१, आणि तो पूर्ण, चारही पर्यायांसकट". फोन पानाच्या बरोबर वर सपाट धरायला सांगा, घडीजवळचं पान बोटाने दाबून, आणि उजेड बाजूने येऊ दे, डोक्यावरच्या दिव्याखाली स्वतःच्याच हाताची सावली पडते आणि गुळगुळीत कागद असेल तर मधोमध पांढरा डाग येतो. चॅटवरून फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि बारीक खुणा जातात, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर आहे तसा येतो. बारीक घात, रसायनांची सूत्रं, आकृतीतली अक्षरं असतील तिथे डॉक्युमेंटच मागा.

नवीन फोटो आला, किंवा नंतर तुम्हालाच एखादं उत्तर पक्कं झालं, तर अख्खी यादी परत पाठवू नका. दोन याद्या फिरायला लागल्या की कोणती ताजी ते कुणालाच कळत नाही आणि कुणीतरी जुनीच वापरतं. फक्त बदललेलं पाठवा, आणि आधी काय होतं तेही लिहा:

```
दुरुस्ती
१७  क   (आधी –)
२१  अ   (आधी –)
२४  ब   (आधी ड??)
```

'आधी' लिहिलं की ज्याने जुनं उत्तर आधीच वहीत उतरवलंय त्याला नेमकं काय खोडायचं ते दिसतं. बिनखुणेचं दिलेलं उत्तर बदलायची वेळ आली, समजा ३३ अ चं ड झालं, तर ते सगळ्यात वर, वेगळ्या ओळीत लिहा आणि ज्याला पाठवलं होतं त्याने वाचलं का ते विचारून घ्या, कारण खूण असलेली उत्तरं तो परत तपासणारच होता, ३३ तो तुमच्या भरवशावर सोडून पुढे गेलेला असतो.